दूध पावडरची झटपट बर्फी: एकदा चिकट, एकदा दगड. नेमकं काय चुकतंय?

मुग्धा_ठाणे
गणपतीत आरतीच्या प्रसादाला घरची बर्फी करायची ठरवली आहे, म्हणून दोन रविवार सराव करतेय. दोन्ही वेळा फसली, आणि दोन्ही वेळा अगदी उलट फसली.

पहिल्या वेळी २ वाट्या दूध पावडर, १ वाटी साखर, १ वाटी दूध आणि ३ चमचे तूप घेतलं. नॉनस्टिक पॅनमध्ये सगळं एकत्र करून मंद आचेवर ढवळत राहिले. दहा-बारा मिनिटांनी गोळा झाला, कडेने सुटलासुद्धा. ताटात थापला, चार तास ठेवला, तरी वड्या पडेनात. सुरीला चिकटून वर यायचं. दुसऱ्या दिवशीही तसंच.

दुसऱ्या वेळी वाटलं दूध जास्त झालं असावं, म्हणून अर्धी वाटीच घातलं. पावडरचं दुसरं पाकीट आणलं होतं. आच थोडी मोठी ठेवली आणि मागच्यासारखं चिकट राहायला नको म्हणून चांगलं पंधरा मिनिटं परतलं. थापताना छान वाटत होतं. तासाभराने वडी उचलली तर ताटाचा आवाज येईल इतकी कडक. सासऱ्यांना चावता आली नाही.

पहिलीचा डबा अजून फ्रीजमध्ये आहे. तिचं काही करता येईल का? आणि तिसऱ्या वेळी काय बदलू?

निखिल_४२
चिकट राहिली तर फ्रीजमध्ये ठेवा, तासाभरात वड्या पडतात. तूप गोठतं ना. मी नेहमी असंच करतो. तूपही जास्त घाला, ३ चमचे फारच कमी आहे. तूप भरपूर असलं की चिकटत नाही.

मुग्धा_ठाणे
निखिल, फ्रीजमध्ये ठेवल्यावर वड्या पडल्या खऱ्या, पण बाहेर काढून दहा मिनिटांत परत ताटाला चिकटल्या. प्रसाद म्हणून हातावर द्यायची आहे, फ्रीजमधून काढून लगेच वाटता येणार नाही.

आशालता
मुग्धा, पाक एकतारी केलास का दोनतारी? नारळाच्या वडीला मी नेहमी एकतारीच्या जरा पुढे नेते. पाक कच्चा राहिला की वडी चिकटते आणि पुढे गेला की भुगा होतो. पाकावरच सगळं असतं बघ. खोबरं ओलं घेतलं होतंस ना?

मुग्धा_ठाणे
आशाताई, यात नारळ नाही आणि पाकही वेगळा केला नाही. दुधाची पावडर आहे. साखर सरळ मिश्रणातच घातली होती.

वृंदा_सांगली
मुग्धा, आधी दोन गोष्टी सांग. दोन्ही पाकिटांच्या मागे घटक काय लिहिलेत? आणि तुझी वाटी कुठली? शक्य असेल तर एक वाटी पावडर आणि एक वाटी साखर वेगवेगळी वजन करून सांग. मी चौदा वर्षं दिवाळीच्या ऑर्डरी घेते. या बर्फीच्या बहुतेक तक्रारी चुलीवर जन्मत नाहीत, वाटीत जन्मतात.

मुग्धा_ठाणे
वजन केलं! आमटीची वाटी आहे, पाणी भरून मोजलं तर १५० मिली. एक वाटी पावडर ७५ ग्रॅम भरली आणि एक वाटी साखर १३० ग्रॅम. मला वाटत होतं साखर पावडरच्या निम्मी पडतेय!

पहिल्या पाकिटावर "डेअरी व्हाइटनर" लिहिलंय, मागे साखर १०० ग्रॅमला १८ ग्रॅम. दुसऱ्यावर "स्किम्ड मिल्क पावडर". मी दोन्ही दूध पावडरच समजत होते.

वृंदा_सांगली
हेच. आता पहिल्या वेळचा हिशोब मांडू. २ वाट्या म्हणजे १५० ग्रॅम व्हाइटनर. त्यात २७ ग्रॅम साखर आधीच होती, म्हणजे दुधाचा भाग १२३ ग्रॅमच. वर तू १३० ग्रॅम साखर घातलीस. एकूण साखर १५७ आणि दूध १२३. ही बर्फी नाही, दुधाची घट्ट चिक्की होते. पावडर हलकी आणि फुगीर असते, साखर जड असते, म्हणून त्याच वाटीत साखरेचं वजन जवळजवळ दुप्पट भरतं. वाटीच्या मापाने "दोनाला एक" वाचलं की निम्मी वाटते, पण वजनात जवळजवळ बरोबरीने पडते.

मी साखर पावडरच्या तिसऱ्या हिश्श्याने घेते, वजनाने. १५० ग्रॅम पावडरला ५० ग्रॅम. तुझ्या वाटीत ५० ग्रॅम साखर म्हणजे जेमतेम पाऊण वाटीच्या निम्मी. म्हणूनच म्हणते, या पदार्थाला काटा वापर.

आता चिकटपणाचं. चिकट दोन प्रकारचं असतं आणि दोघांवर उपाय एकदम वेगळे आहेत. वडीचा कोपरा दोन बोटांत दाबून बोटं हळू लांब कर. नुसता लगदा होऊन ओलं चमकत असेल, तार निघत नसेल, तर पाणी जास्त राहिलंय. तार ओढली जात असेल आणि दाताला चिकटत असेल, तर साखर जास्त आहे. पाणी जास्त असेल तर परत पॅनमध्ये मंद आचेवर तीन-चार मिनिटं परतलं की जमतं. साखर जास्त असेल तर परतून बरी होत नाही, उलट दाताला ओढणाऱ्या टॉफीकडे जाते. तुझी बहुधा दुसऱ्या प्रकारची आहे.

मुग्धा_ठाणे
डबा काढून आत्ता बघितलं वृंदाताई. तार निघते. लांब, केसासारखी.

वृंदा_सांगली
मग परतू नकोस नुसतं. बर्फी पॅनमध्ये घेऊन २ चमचे दूध घाल आणि सगळ्यात मंद आचेवर मऊ होऊ दे. गॅस बंद कर, मगच बिनसाखरेची दूध पावडर थोडी थोडी घालत मळल्यासारखं मिसळ. मला वाटतं ७०-८० ग्रॅम तरी लागेल. पावडर नसेल तर बारीक सुकं खोबरं चालेल, पण मग चव नारळाची होते. तरीही गोड लागेल, लहान वड्या पाड.

प्राजक्ता_द
मला अगदी हाच प्रश्न विचारायचा होता! माझ्याकडे बाळाच्या दुधाची पावडर उरली आहे, आता बाळ मोठं झालंय आणि ते पीत नाही. त्याची बर्फी केली तर? एकदा प्रयत्न केला होता, सेटच झाली नाही. साखर अगदी कमी घातली होती.

अण्णा_कोल्हापूर
प्राजक्ताताई, तिची बर्फी धरत नाही, कारण ती नुसती दुधाची पावडर नसते. त्यात वनस्पती तेल असतं, आणि काहींत इतर घटकही. आमच्या दूध संघात मी पावडर विभागात होतो, लोक हा प्रश्न नेहमी विचारायचे.

मुग्धाताई, तुम्हाला पाकीट बघून घ्यायला सोपं जावं म्हणून सांगतो. "होल मिल्क पावडर" म्हणजे फुल क्रीम. तिच्यात स्निग्धांश किमान २६ टक्के असायला हवा असा आपल्याकडे नियम आहे. "स्किम्ड" मध्ये तो १.५ टक्क्याच्या वर नसतो. "डेअरी व्हाइटनर" चहासाठी असतो, त्यात साखर घातलेली असते. तुम्हाला पहिली हवी.

तुमची दुसरी बर्फी का दगड झाली हे यातच आहे. १५० ग्रॅम फुल क्रीममध्ये जवळपास ४० ग्रॅम दुधाचं स्निग्ध आधीच असतं. स्किम्डमध्ये ते जवळजवळ नाही. उरते प्रथिनं आणि दुधातली साखर, लॅक्टोज. पाणी कमी झालं की ही दोन्ही एकमेकांना घट्ट धरून ठेवतात, आणि मध्ये सरकवायला तूप नसतं. त्यात तुम्ही दूध अर्धं केलं, आच वाढवली आणि पंधरा मिनिटं परतलं. चार कारणं एकाच वेळी.

आणखी एक. पावडर हवेतला ओलावा फार लवकर ओढते. श्रावणात उघडं राहिलेलं पाकीट दोन दिवसांत गठ्ठे धरतं. तशी पावडर वापरली तर गुठळ्या फुटत नाहीत आणि बर्फीत कच्चे कण लागतात. चाळून घ्या, चाळणीवर गोळे उरले तर ते टाकून द्या.

सई_न्यूजर्सी
इथे साध्या दुकानात मिळणारी पावडर बहुतेक नॉनफॅटच असते, त्यामुळे अण्णांनी सांगितलेलं सगळं मी भोगलंय. वर ती पटकन विरघळणारी, चपट्या पापुद्र्यांची असते. दोन वर्षं माझी बर्फी कडक आणि कोरडी होत होती. शेवटी मी दुधाच्या जागी हेवी क्रीम घालू लागले. १५० ग्रॅम नॉनफॅट पावडरला ११० मिली हेवी क्रीम, आणि ३५ ग्रॅम तूप तसंच. पावडर मिक्सरमधून फिरवून घ्यायची, नाहीतर पापुद्रे तसेच राहतात. अगदी पेढ्यासारखी मऊ होते.

अण्णा_कोल्हापूर
सईताई, हिशोब बरोबर बसतोय तुमचा. इतक्या क्रीममधून साधारण ४० ग्रॅम स्निग्ध येतं, म्हणजे जे पावडरमधून गेलं तेच परत आलं. आणि पाणीही साध्या ७५ मिली दुधाइतकंच पडतं.

निखिल_४२
म्हणजे मी म्हटलं होतं तेच ना, तूप जास्त घाला?

वृंदा_सांगली
निखिल, कडक बर्फीला तुझं म्हणणं लागू पडतं, चिकटीला नाही. तूप वाढवलं की बोटाला चिकटत नाही असं वाटतं, कारण वर तुपाचा थर येतो. आतली तार तशीच असते. आणि एका मर्यादेनंतर तूप आत मावतच नाही, थापल्यावर ताटात गळून बसतं आणि थंड झालं की वडीखाली पांढरा थर दिसतो. फुल क्रीम पावडरला १५० ग्रॅममागे ३५ ग्रॅमच्या वर मी जात नाही. फ्रीजचंही तसंच आहे. तो तूप गोठवतो, पाणी काढत नाही. मात्र फ्रीजमधून काढलेली वडी कडक लागली म्हणून घाबरायचं नाही, अर्धा तास बाहेर ठेवून मगच ठरवायचं.

मुग्धा, तिसऱ्या वेळेसाठी माझी कृती अशी.

फुल क्रीम पावडर १५० ग्रॅम, दूध ७५ मिली, तूप ३५ ग्रॅम, साखर ५० ग्रॅम. पॅन गॅसवर ठेवायच्या आधीच पावडर आणि दूध थंडच कालव. गार दुधात पावडर नीट भिजते. गरम तुपात कोरडी पावडर टाकली तर तिचे बाहेरून भाजलेले, आतून कोरडे गोळे होतात आणि मग कितीही घोट, फुटत नाहीत. कालवलेलं दहा मिनिटं झाकून ठेव. मग पॅनमध्ये तूप वितळवून त्यात हे घाल आणि सगळ्यात मंद आचेवर लाकडी उलथन्याने तळापासून घोटत राहा. तीनेक मिनिटांनी उलथन्याला जड लागायला लागेल.

आता साखर. साखर घातली की मिश्रण परत सैल होईल. त्यामुळे आधी गोळा झालेला असला तरी थापायचा नाही. साखर विरघळून ते पुन्हा आळायला चार-पाच मिनिटं लागतात. माझ्याकडे शिकायला येणाऱ्या बऱ्याच जणी इथेच घाई करतात.

कधी थांबायचं हे "कडेने सुटलं" यावर ठरवू नकोस. नॉनस्टिक पॅनमध्ये सगळंच कडेने सुटतं, कच्चंसुद्धा. मी काटाच वापरते. रिकामं पॅन उलथन्यासकट आधी मोजून ठेवायचं. काट्यावर लाकडी पाट ठेवून शून्य करायचा, म्हणजे काट्याला चटका बसत नाही. सगळं घातल्यावर मिश्रण सुमारे ३१० ग्रॅम असतं. त्यातलं पाणी उडत उडत वजन उतरतं. २७५ ग्रॅमला काढलं तर वडी मऊ, २६५ ला कडा धारदार पडतात, आणि २५० पर्यंत नेलं तर तुझी दुसरी बर्फी. बघ, मऊ आणि दगड यांच्यात २५ ग्रॅमचंच अंतर आहे, आणि मंद आचेवरही ते दोन-तीन मिनिटांत निघून जातं.

काटा नसेल तर वाटाण्याएवढं मिश्रण गार ताटलीवर ठेवून अर्धा मिनिट थांब. तूप लावलेल्या बोटांनी गोळी वळ. वळली, बोटाला डाग राहिला नाही, आणि दाबल्यावर कडेला भेग पडली नाही, तर झालं. भेग पडली तर पुढे गेलंय, लगेच चमचाभर दूध मार.

सुरभि
वृंदाताई, मी साखर आचेवर घालतच नाही. गोळा झाला की गॅस बंद करते, पाच मिनिटं निवू देते आणि मग पिठीसाखर मिसळते. पाणी सुटायचा प्रश्नच येत नाही आणि बर्फी पांढरीशुभ्र राहते. आचेवर साखर घातली की रंग बदलतो.

वृंदा_सांगली
रंगाचं तुझं खरं आहे. पण माझ्याकडे पिठीसाखरेची बर्फी दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी वरून कोरडी पडते, खाताना पिठूळ लागते. आचेवर विरघळलेल्या साखरेची पाच दिवस एकसारखी राहते.

सुरभि
माझी तिसऱ्या दिवसापर्यंत कधी उरली नाही, त्यामुळे ते मी सांगू शकत नाही. पण ज्या दिवशी करायची त्याच दिवशी वाटायची असेल तर माझ्या मते पिठीसाखरच चांगली.

प्राजक्ता_द
कडक झालेलीचं काय करायचं ते कोणी सांगितलंच नाही. माझ्याकडे व्हाइटनरची बर्फीही एकदा कडक झाली होती.

वृंदा_सांगली
आधी मोडून बघायची. कट्कन मोडून चुरा झाला आणि रंग पांढराच असेल तर ती नुसती वाळलीय. हाताने किंवा किसणीवर बारीक कर, २-३ चमचे कोमट दूध शिंपडून पंधरा मिनिटं झाकून ठेव, मग चमचाभर तुपात मंद आचेवर दोन मिनिटं परतून पुन्हा थाप. छान होते. मुग्धाच्या दुसऱ्या बर्फीला दूध जास्त लागेल आणि तूप २-३ चमचे, कारण तिच्यात मुळातच स्निग्ध नाही.

पण रंग बदामी झाला असेल आणि चावताना दाताला ओढत असेल तर साखर आणि दूध मिळून टॉफी झालीय. तिची बर्फी परत होत नाही. गरम दुधात टाकून विरघळव, शेवयांच्या खिरीला किंवा बासुंदीला वापर. चव उत्तम लागते, जळका वास नसला म्हणजे झालं.

मुग्धा_ठाणे
आज तिसरी केली. नीट लिहून ठेवलं होतं, तेच टाकते.

फुल क्रीम पावडर चाळली, दुधात कालवली, दहा मिनिटं ठेवली. श्रीखंडासारखं घट्ट झालं. तुपात घातल्यावर सुरुवातीला तूप वेगळं तरंगत होतं, मला वाटलं बिघडलं, पण घोटत राहिले तर दीड-दोन मिनिटांत सगळं आत ओढलं गेलं. साखर घातली आणि खरंच एकदम सैल झालं, जवळजवळ भजीच्या पिठासारखं. पहिल्या वेळी सगळं एकत्रच घातल्यामुळे हे मला दिसलंच नव्हतं.

साखरेनंतर तीन मिनिटांनी पॅन काट्यावर ठेवलं, २८८. गोळी वळून बघितली, बोटाला डाग. आणखी दीड मिनिट, २७६. गोळी वळली, डाग नाही. गॅस बंद केला, वेलची घातली, पण वजन आणखी उतरत होतं! थापायला घेतलं तेव्हा २७१ होतं. तूप लावलेल्या ताटात वाटीच्या बुडाने सारखं केलं. दोन तासांनी सुरी कोरडी बाहेर आली. सासऱ्यांनी दोन खाल्ल्या.

पहिल्या बर्फीत ७५ ग्रॅम पावडर घालून मळली. तार गेली, वड्या पडल्या, गोड मात्र खूप आहे. दुसरीचा चुरा करून ४ चमचे दूध आणि ३ चमचे तूप घालून परतली. मऊ झाली, पण तोंडात बारीक कण लागतात. हे का?

अण्णा_कोल्हापूर
कण बहुधा लॅक्टोजचे असावेत. ते साखरेसारखं चटकन विरघळत नाही, एकदा कण धरले की थोड्या दुधात परत जिरत नाही. किंवा मोठ्या आचेवर भाजलेल्या पावडरचेही असू शकतात. मिक्सरमधून काढून बघितलं असतं तर कळलं असतं.

वृंदा_सांगली
गॅस बंद केल्यावर ५ ग्रॅम उतरलं ते पॅनच्या उष्णतेने. तुझं पॅन जाड बुडाचं दिसतंय. पुढच्या वेळी २८० लाच बंद कर. आणि प्रसादाला दुप्पट प्रमाण एकाच पॅनमध्ये करू नकोस, थर जाड होऊन पाणी उडायला वेळ लागतो आणि तळ आधी तांबूस होतो. दोन घाणे वेगवेगळे काढ.

मुग्धा_ठाणे
दोन घाणेच करते. हरतालिकेच्या संध्याकाळी एक साखर आचेवर घालून आणि एक सुरभिच्या पद्धतीने पिठीसाखरेची. दोन्हीतल्या चार-चार वड्या वेगळ्या डब्यात पाच दिवस ठेवून बघते, मग इथे लिहिते.

सुरभि
नक्की लिही. डब्यावर खूण करून ठेव, पाचव्या दिवशी कुठली कुठली ते आठवत नाही.